एसी सर्व्हिसनंतरचा फीडबॅक मेसेज: तीन प्रश्न, चाळीस सेकंद, आणि उत्तर येईल असा

ठाण्यात घोडबंदर रोडच्या पट्ट्यात एसी रिपेअरिंगचं काम करणाऱ्या एका छोट्या दुकानाचं ऑफिस मी सांभाळते, म्हणजे फोन घेणं, बिलं करणं, दुरुस्तीला जाणाऱ्या मुलांना कामं वाटून देणं आणि काम झाल्यावर कस्टमरला मेसेज करणं. मार्चपासून जूनपर्यंत इतकी कामं असतात की कुठल्या घरी काम नीट झालं आणि कुठे अर्धवट राहिलं हे विचारल्याशिवाय कळतच नाही, कारण ज्याच्या एसीतून धो धो पाणी गळतं तो स्वतःहून फोन करतो, पण ज्याचा एसी थोडा कमी गार करतोय तो काही बोलत नाही, पुढच्या वर्षी गपचूप दुसऱ्याला बोलावतो. हा जो न बोलणारा माणूस आहे ना, त्याच्याकडून उत्तर मिळवण्यासाठी फीडबॅक मेसेज लिहायचा असतो. नुकतंच दुकान टाकलेल्या किंवा ऑफिसला नवीन लागलेल्या लोकांसाठी हे लिहितेय. उदाहरण एसीचं असलं तरी पद्धत कुठल्याही घरी जाऊन करायच्या सर्व्हिसला लागू पडेल.

पहिल्यांदा हे बघा, बहुतेक दुकानं काय पाठवतात:

> नमस्कार, आमच्या सेवेचा लाभ घेतल्याबद्दल मनःपूर्वक आभार. आपला अभिप्राय आमच्यासाठी अत्यंत मोलाचा आहे. कृपया खालील लिंकवर क्लिक करून फॉर्म भरावा व आम्हाला सेवा सुधारण्यास सहकार्य करावे.

वाचायला गोड आहे पण कस्टमरच्या जागी बसून बघा. कोण विचारतंय ते पहिल्या ओळीत नाही, कुठल्या कामाबद्दल ते नाही, फॉर्म किती मोठा आहे माहीत नाही, आणि अनोळखी नंबरवरून लिंक आलीय. आजकाल लिंकवरून पैसे जायचे प्रकार इतके ऐकलेत की घरातल्या मोठ्या माणसांना मुलांनी बजावून ठेवलेलं असतं, अनोळखी लिंक उघडू नका म्हणून. मग कोण उघडणार? हाच मेसेज आपण शेवटपर्यंत नीट करत जाऊ.

आधी ठरवा, उत्तर आलं तर काय करणार

मेसेज लिहायच्या आधी कागदावर प्रश्न लिहा, आणि प्रत्येक प्रश्नासमोर लिहा की वाईट उत्तर आलं तर मी उद्या सकाळी काय करेन. जिथे काही लिहिता येत नाही तो प्रश्न काढून टाका. आमच्याकडे यादी करायला बसलो तेव्हा दहा-बारा प्रश्न सहज निघाले, एसी कुठल्या कंपनीचा, किती टनचा, किती वर्षं झाली, आमच्याबद्दल कुठून कळलं, मुलगा बोलायला कसा होता, दर महाग वाटला का, मित्रांना सांगाल का वगैरे. यातले पहिले तीन तर बिलावरच असतात, ते परत विचारणं म्हणजे कस्टमरचा वेळ खाणं. "कुठून कळलं" हे बुकिंगच्या फोनवर विचारून होतं. "मित्रांना सांगाल का" याचं उत्तर ६ आलं काय आणि ८ आलं काय, छोट्या दुकानात त्यावरून उद्या काहीच बदलत नाही.

राहिले तीन. मुलगा दिलेल्या वेळेत पोचला का, कारण उशीर झाला असेल तर त्या एरियात दोन कामांमधलं अंतर वाढवायचं. खर्च आधी सांगितला का, कारण एसी उघडून झाल्यावर "गॅस कमी आहे, अजून एवढे लागतील" असं सांगितलं की लोकांच्या मनात पक्कं बसतं की फसवलं, खरंच गॅस कमी असला तरी. आणि एसी आता कसा चालतोय, कारण बिघाड असेल तर परत माणूस पाठवायचा. तिन्हीला ठरलेली कृती आहे, म्हणून तिन्ही ठेवले. तुमच्या धंद्यात प्रश्न वेगळे निघतील, पण तीनच्या वर जाऊ नका, चौथा घ्यायचाच असेल तर आधीच्या तिनातला एक काढा.

एक गोष्ट मुद्दाम वगळली आहे ती सांगते. मुलाच्या वागण्याबद्दल या मेसेजमध्ये विचारू नका. पुढच्या वर्षी परत तोच मुलगा घरी येणार, हे कस्टमरला माहीत असतं, त्यामुळे नावानिशी चॅटवर कोणी खरं लिहीत नाही, सगळे "छान होता" लिहितात. ते जाणून घ्यायचं असेल तर अधूनमधून मालकाने स्वतः फोन करावा, बोलण्यात ते आपोआप निघतं.

वेळ मोजा, अंदाजाने लिहू नका

बरेच जण इथेच घसरतात. "फक्त १ मिनिट" हे सगळेच लिहितात, मोजतं कोणीच नाही.

मोजायचं असं. मेसेज स्वतःच्या मोबाइलवरून पाच माणसांना पाठवा, आणि ती माणसं दुकानातली नकोत, कारण त्यांना प्रश्न पाठ असतात. घरातली आई किंवा सासरे, शेजारची कॉलेजातली मुलगी, कोणी हिंदी बोलणारा, कोणी चष्मा शोधणारा, असे घ्या. घड्याळ पहिल्या प्रश्नापासून लावू नका, मेसेज उघडल्यापासून लावा आणि उत्तर पाठवल्यावर बंद करा, कारण कस्टमरच्या हिशोबाने वाचायचा वेळही वेळच आहे. समजा पाच जणांना २२, २६, ३१, ३८ आणि ५५ सेकंद लागले. तर २२ लिहायचं नाही, आणि सरासरीही काढत बसायची नाही, पाचातले चार जण ज्या वेळेत संपवतात तो आकडा धरायचा आणि थोडा वर न्यायचा, म्हणजे ३८ चे ४०. "साधारण ४० सेकंद" असं लिहिलं की बहुतेकांना तो खरा वाटतो, उलट लवकर संपलं म्हणून बरंच वाटतं.

वेळ कमी सांगितला तर काय होतं यावर चांगलं काम झालेलं आहे. क्रॉफर्ड, कूपर आणि लमायस या तिघांनी २००१ मध्ये वेबवरच्या सर्व्हेवर प्रयोग केला होता. ज्यांना कमी वेळ लागेल असं सांगितलं त्यांच्यातले जास्त लोक सुरुवात करायला तयार झाले, पण सुरुवात केल्यावर अर्धवट सोडून जाणारेही त्यांच्यातच जास्त निघाले. पुढे २००९ मध्ये गालेसिच आणि बोस्न्याक यांनी वेगवेगळ्या लोकांना १०, २० आणि ३० मिनिटं असा वेळ सांगून पाहिलं. सांगितलेला वेळ जितका जास्त तितके कमी लोक सुरू करतात आणि कमी लोक पूर्ण करतात, आणि शेवटाकडे टाकलेल्या प्रश्नांना लोक घाईघाईत, थोडक्यात उत्तरं देतात, असं त्यात दिसलं. ते सर्व्हे आपल्यापेक्षा खूप मोठे होते, पण आपल्या कामाच्या त्यातून दोन गोष्टी निघतात, एक म्हणजे काम खरंच छोटं करा आणि मग तो छोटा वेळ सांगा, नुसता आकडा छोटा करू नका, आणि दुसरी, सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न शेवटी लोंबकळत ठेवू नका.

आता तुम्ही म्हणाल, तुमच्या यादीत तर एसी कसा चालतोय हा प्रश्न तिसरा आहे. तीनच प्रश्न असले आणि तिन्ही एका स्क्रीनवर दिसत असले तर क्रमाने फार फरक पडत नाही, वेळेत आला का, खर्च सांगितला का, एसी कसा आहे, हा घटना घडल्याचा क्रम आहे म्हणून आठवायला सोपं जातं. फॉर्मची पानं उलटत जायचं असेल तर मात्र एसीचा प्रश्न पहिला घ्या.

वेळेसोबत प्रश्नांची संख्या पण लिहा. "३ प्रश्न, साधारण ४० सेकंद." नुसत्या वेळेवर विश्वास बसत नाही कारण तो दिसत नाही, तीन प्रश्न डोळ्यासमोर मोजता येतात.

फॉर्म की चॅट

छोट्या दुकानाने सरळ व्हॉट्सॲपच्या चॅटमध्येच उत्तर मागावं असं माझं स्पष्ट मत आहे. लिंक नाही म्हणजे भीती नाही, नेट स्लो असलं तरी चालतं, आणि कस्टमरने काही वेगळं लिहिलं तर तिथेच बोलणं पुढे नेता येतं. तोटा असा की उत्तरं आपल्याला हाताने वहीत किंवा एक्सेलमध्ये उतरवावी लागतात, आणि नाव लपत नाही. दिवसाला दहा-पंधरा कामं असतील तोवर हाताने उतरवणं जमतं. कामं खूप वाढली की गूगल फॉर्मकडे जा, पण तेव्हा एक सेटिंग नक्की तपासा. फॉर्मच्या सेटिंगमध्ये `Limit to 1 response` चालू असेल तर भरणाऱ्याला आधी गूगलमध्ये साइन इन करावं लागतं, आणि तिथे माणसं परत फिरतात, शिवाय आपण सांगितलेले ४० सेकंद पासवर्ड शोधण्यातच जातात. ते बंद ठेवा. एखाद्याने दोनदा भरलं तर आपल्याला कळतंच.

चॅटमध्ये उत्तर मागायचं तर उत्तराचा आकार ठरवून द्यावा लागतो. "कसं वाटलं?" असं मोकळं विचारलं की अंगठ्याचा इमोजी येतो, त्यातून काही समजत नाही. "१ ते ५ मध्ये रेटिंग द्या" म्हटलं की ४ येतो, आणि ४ म्हणजे उशीर झाला होता, पैसे जास्त वाटले का एसी नीट नाही, ते कळत नाही. हो-नाही विचारलं की घाईत "हो हो हो" येतं, लोक भिडेखातर हो म्हणून मोकळे होतात. म्हणून प्रत्येक प्रश्नात उत्तराचे शब्दच द्या आणि ते तिन्ही प्रश्नांत वेगळे ठेवा, म्हणजे कस्टमरने नुसतं "उशिरा, आधी, ठीक" लिहिलं तरी कुठला शब्द कुठल्या प्रश्नाचा ते आपोआप समजतं, क्रम चुकला तरी समजतं.

आता मेसेज लिहू

हा आम्ही वापरतो तो, दुकानाचं आणि माणसाचं नाव काढून देतेय:

> नमस्कार काकू, मी मानपाड्याच्या (दुकानाचं नाव) मधून (तुमचं नाव). परवा तुमच्या हॉलच्या एसीची जेट पंप सर्व्हिस झाली, त्याबद्दल विचारायचं होतं.
>
> ३ प्रश्न आहेत, साधारण ४० सेकंद लागतील. लिंक वगैरे नाही, इथेच लिहा.
>
> १. मुलगा सांगितलेल्या वेळेत आला का उशिरा?
> २. खर्च काम सुरू करायच्या आधी सांगितला का नंतर?
> ३. एसी आता कसा चालतोय: ठीक, कमी गार, का पाणी गळतंय?
>
> तीन शब्द पुरे, जसं की: उशिरा, आधी, कमी गार. व्हॉइस नोट पण चालेल.
>
> कमी गार किंवा गळत असेल तर आम्ही येऊन बघतो, १५ दिवसांच्या आत त्याचे वेगळे पैसे घेत नाही. उत्तर द्यायचं नसेल तरी हरकत नाही.

एकेक ओळ का आहे ते बघू, कारण तुम्हाला हा उतरवून चालणार नाही, तुमचा लिहावा लागेल.

पहिल्या ओळीत एरिया, दुकानाचं नाव आणि माणसाचं नाव आहे. व्हॉट्सॲपवर नोटिफिकेशनमध्ये सुरुवातीचे थोडेच शब्द दिसतात, उघडायचा की नाही ते तेवढ्यावर ठरतं. "अभिप्राय" किंवा "सर्व्हे" हा शब्द तिथे दिसला की जाहिरात समजून बाजूला सारतात. लगेच पुढे परवा, हॉलचा एसी, जेट पंप सर्व्हिस. हे तपशील फक्त खऱ्या दुकानालाच माहीत असणार, त्यामुळे फसवणुकीची शंका तिथेच संपते. मात्र फ्लॅट नंबर, पूर्ण पत्ता, बिलाची रक्कम मेसेजमध्ये टाकू नका, ओळख पटवायला तेवढं लागत नाही आणि मोबाइल घरात चार जणांच्या हातात असतो.

काकू म्हणायचं का मॅडम ते बुकिंगच्या फोनवरच ठरलेलं असतं. ज्या बाई फोनवर "अगं बाळा" म्हणून बोलल्या त्यांना काकू, हिरानंदानी इस्टेटमधल्या ऑफिसात काम असलं की मॅडम किंवा सर. आणि भाषा पण तीच जिच्यात बुकिंग झालं, हिंदीत बोललेल्या माणसाला मराठी मेसेज गेला तर त्याचे ४० सेकंद वाचण्यातच जातील. आम्ही दोन्ही भाषांत तयार ठेवलेत. "आपण", "आपला बहुमोल अभिप्राय", "सहकार्य करावे" असली भाषा टाळा, ती बँकेच्या पत्रासारखी लागते आणि माणसाने माणसाला लिहिलंय असं वाटत नाही. तुम्ही म्हटलं की मान पण राहतो आणि जवळीक पण.

वेळेची ओळ प्रश्नांच्या आधी आहे, खाली शेवटी नाही. शेवटी लिहिलेला वेळ वाचेपर्यंत माणूस ठरवून मोकळा झालेला असतो.

उदाहरणाचं उत्तर मी मुद्दाम वाईट दिलंय, उशिरा, आधी, कमी गार. उदाहरणात "वेळेत, आधी, ठीक" लिहिलं की अर्धे लोक तेच कॉपी करून पाठवतात आणि आपल्याला वाटतं सगळं छान चाललंय. शिवाय वाईट उत्तर उदाहरणात दिसलं की लिहिणाऱ्याची भीड मोडते, अच्छा म्हणजे असं लिहिलं तर यांना राग येणार नाही. हे छोटं वाटतं पण मिळणाऱ्या उत्तरांचा खरेपणा सगळ्यात जास्त यानेच बदलतो असा माझा अनुभव आहे.

व्हॉइस नोटची सोय ज्येष्ठ लोकांसाठी. मराठी टाइप करायचा कंटाळा असतो, बोलायला नसतो. हां, ती ऐकायला आपल्याला वेळ लागतो, पण "तसा गार होतो हो, पण रात्री टपटप आवाज येतो" असलं काही फक्त बोलण्यातच येतं, आणि त्या टपटपीवरून ड्रेन पाइपचा उतार चुकलाय का ते बघायला जाता येतं.

शेवटच्या ओळीत उत्तर दिल्याने कस्टमरला काय मिळेल ते आहे. "आम्हाला सुधारायला मदत होईल" हे आपलं काम झालं, त्याच्या घरचा एसी नीट होणं हे त्याचं. पण जेवढं करणार तेवढंच लिहा. १५ दिवस लिहिलेत तर मेच्या गर्दीतसुद्धा माणूस पाठवावा लागेल, जमणार नसेल तर ७ लिहा.

कधी पाठवायचा

काम झाल्या झाल्या पाठवला तर वेळेचं आणि खर्चाचं उत्तर ताजं मिळतं पण एसीचं मिळत नाही, कारण धुतल्यावर एसी एक रात्र तरी चालायला हवा. आठवड्याने पाठवला तर एसीचं बरोबर कळतं पण मुलगा किती वाजता आला होता ते कोणाला आठवत नाही. साध्या सर्व्हिसला दुसऱ्या दिवशी नाहीतर तिसऱ्या दिवशी संध्याकाळी, हा मधला मार्ग आम्हाला बरा वाटला. मेसेजमध्ये "परवा" आहे ते म्हणूनच, काल झालं असेल तर काल करा, विसरू नका.

गॅस चार्जिंग केलं असेल तर गोष्ट वेगळी. बारीक लीक राहिलेलं असेल तर एसी पहिले काही दिवस मस्त गार करतो आणि मग हळूहळू उतरतो. अशा कामाला तिसऱ्या दिवशी "ठीक" आलेलं उत्तर पक्कं धरू नका, दहा-बारा दिवसांनी एकच प्रश्न विचारा: "गॅस भरून दहा दिवस झाले, अजून पहिल्यासारखाच गार होतोय का कमी झालाय? एका शब्दात सांगा, ५ सेकंदांचं काम." याला लोक पटकन उत्तर देतात.

वेळेचं म्हणाल तर इथली माणसं सकाळी ट्रेनच्या नाहीतर घोडबंदरच्या ट्रॅफिकच्या घाईत असतात, मी संध्याकाळी साडेसात ते नऊच्या मध्ये पाठवते, तेव्हा माणूस घरी असतो आणि एसी समोर चालू असतो, बघून उत्तर देता येतं. रात्री नऊनंतर पाठवू नका.

पाठवायची पद्धत

व्हॉट्सॲप बिझनेस ॲप वापरत असाल तर मेसेज क्विक रिप्लायमध्ये सेव्ह करून ठेवा, चॅटमध्ये `/` टाइप केलं की तो समोर येतो, मग फक्त नाव, खोली आणि दिवस बदलायचा. ब्रॉडकास्टने सगळ्यांना एकदम पाठवायचा मोह होतो, तो टाळा. एक तर ब्रॉडकास्ट मेसेज फक्त त्यांनाच पोचतो ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय, आणि एसीवाल्याचा नंबर फार कमी लोक सेव्ह करतात, त्यामुळे निम्म्याहून जास्त मेसेज पोचतच नसतील आणि तुम्ही समजाल की लोक उत्तर देत नाहीत. दुसरं म्हणजे सगळ्यांना एकच मजकूर जातो, मग त्यात हॉलचा एसी आणि परवा हे शब्द येणार कसे.

व्हॉट्सॲप नसलेल्या कस्टमरला एसएमएसचा विचार करत असाल तर लक्षात ठेवा, देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० अक्षरंच बसतात, रोमन लिपीत १६०. कंपनीच्या नावाने बल्क एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या नियमाप्रमाणे मोबाइल कंपन्यांच्या डीएलटी पोर्टलवर आधी नोंदणी आणि मजकुराचा टेम्प्लेट मंजूर करून घ्यावा लागतो. मोजक्या लोकांसाठी एवढं करण्यापेक्षा सरळ फोन करा, चाळीस सेकंदांतच होतो.

उत्तर नाही आलं तर आठवण एकदाच करायची, दोन दिवसांनी, आणि तोच मेसेज परत फॉरवर्ड करायचा नाही. लहान करायचा: "काकू, परवाच्या मेसेजचं एवढंच सांगा, एसी ठीक आहे ना का काही तक्रार? १० सेकंद." तीन प्रश्नांचा हट्ट सोडायचा, सगळ्यात कामाचा एक ठेवायचा. त्यालाही उत्तर नाही आलं तर थांबा. ॲपमध्ये लेबल लावता येतात, "उत्तर बाकी" आणि "आठवण केली" अशी दोन केली की कोणाला दोनदा त्रास होत नाही.

गूगल रिव्ह्यू यात मिसळू नका

मालक लोकांचा आग्रह असतो की याच मेसेजमध्ये "५ स्टार द्या" पण टाका. नका टाकू. फीडबॅक आपल्याला चूक कळावी म्हणून असतो आणि रिव्ह्यू इतरांनी बघावा म्हणून, दोन्ही एकत्र केले की कस्टमरला वाटतं हे कौतुक मागतायत, आणि मग तो खरं बोलत नाही. शिवाय गूगलच्या नियमांत रिव्ह्यूच्या बदल्यात सूट, पैसे किंवा फुकट सर्व्हिस देणं बसत नाही, आणि जे खूश आहेत त्यांनाच निवडून रिव्ह्यू मागणं पण बसत नाही. रिव्ह्यू हवा असेल तर सगळ्या कस्टमरांना सारखाच, वेगळ्या दिवशी, वेगळा मेसेज करा. आपल्या स्वतःच्या फीडबॅकला उत्तर दिल्याबद्दल पुढच्या सर्व्हिसला ५० रुपये कमी, असं काही जण करतात, त्याने उत्तरांची संख्या वाढेल पण "ठीक ठीक ठीक" पण वाढतील, मला तो सौदा पटत नाही.

मोजायचं कसं, आणि कशावर विश्वास ठेवायचा

वहीत चार रकाने करा: किती पाठवले, किती पोचले म्हणजे दोन टिक आल्या, किती उत्तरं आली, आणि किती उत्तरांवर काहीतरी करावं लागलं. टक्केवारी पोचलेल्यांवर काढा. समजा ६० पाठवले, ५४ पोचले, १८ उत्तरं आली, तर ५४ पैकी १८ म्हणजे तिघांमागे एक.

मेसेजमध्ये काही बदल करून बघायचा असेल तर एका वेळी एकच बदल करा, आणि दिवसाआड नको, एकाआड एक कस्टमरला जुना-नवा पाठवा, म्हणजे शनिवार-रविवारचा फरक मध्ये येत नाही. आणि थोड्या आकड्यांवर उडी मारू नका. जुन्याला ३० पैकी ९ आणि नव्याला ३० पैकी १२ उत्तरं आली तर नवा चांगला आहे असं म्हणता येत नाही, एवढा फरक नुसत्या योगायोगाने पण पडतो. ३० पैकी ९ आणि ३० पैकी २० असेल तर नव्यात काहीतरी आहे.

संख्येपेक्षा एक गोष्ट जास्त बघा, उत्तर कोण देत नाहीये. आमच्याकडे भाड्याने राहणारी कॉलेजची, आयटीची मुलं फार कमी उत्तर देतात, कारण एसी घरमालकाचा, बिल घरमालक देतो. त्यांना दुसरा प्रश्न निरर्थकच आहे. त्यांच्यासाठी खर्चाचा प्रश्न काढून दोनच ठेवायचे आणि वेळ २५ सेकंद लिहायचा, अर्थात आधी मोजून. खर्चाचं घरमालकाला वेगळं विचारायचं.

उत्तर आल्यावर

"ठीक" आलं तर धन्यवाद काकू, एवढं पुरे, पुन्हा जाहिरात चिकटवू नका. "कमी गार" किंवा "गळतंय" आलं तर त्याच दिवशी फोन, आणि फोनवर सफाई द्यायची नाही, आधी विचारायचं की बाहेरचा पंखा फिरतोय का, रिमोटवर किती तापमान ठेवलंय, फिल्टर नीट बसलाय का, कारण अर्ध्या वेळेला फोनवरच सुटतं. नाही सुटलं तर कधी माणूस येईल ते वार आणि वेळेसकट सांगायचं. "नंतर" आलं, म्हणजे खर्च मागाहून सांगितला, तर त्या कस्टमरला सॉरी म्हणायचं आणि त्या मुलाशी एकट्यात बोलायचं, सगळ्यांसमोर नाही, नाहीतर मुलं कस्टमरलाच सांगायला लागतात की मेसेज आला तर "आधी" लिहा.

दर दोन महिन्यांनी वही चाळा. एखाद्या प्रश्नाला सलग सगळी उत्तरं चांगली येत असतील तर त्याला सुट्टी द्या आणि त्या जागी दुसरा घ्या, पावसाळ्यात आम्ही वेळेचा प्रश्न काढून "काम झाल्यावर फरशी पुसून दिली का तशीच ओली ठेवली" हा घेतो कारण जेट पंपाचं पाणी आणि बाहेरचा चिखल दोन्ही घरात येतात. प्रश्न बदलला की परत पाच माणसांना पाठवून वेळ मोजा, शब्द बदलले की सेकंद पण बदलतात.